धुके अडवणे सोपे, जाळी राखणे अवघड

उत्तर चिलीमध्ये प्रशांत महासागराच्या काठी चुंगुंगो नावाचे कोळ्यांचे छोटे गाव आहे. तिथे वर्षाकाठी शंभर मिलिमीटरही पाऊस पडत नाही. गावामागच्या एल तोफो डोंगरावर मात्र धुके सतत दाटून येते. 1992 मध्ये या डोंगरावरच्या जाळ्यांनी अडवलेले धुके नळाने गावात आले आणि जगभर त्याची वाहवा झाली. दहा वर्षांनी गाव पुन्हा टँकरवर आले होते. धुके तेवढेच होते, जाळ्या राहिल्या नव्हत्या. धुक्यातून पाणी काढण्याची भाषा करणाऱ्यांनी या कहाणीचा पूर्वार्ध जितक्या आवडीने सांगितला, तितक्याच काळजीने उत्तरार्धही वाचायला हवा.

त्यासाठी आधी दव आणि धुके यांतला फरक समजून घेतला पाहिजे. हवेत नेहमीच थोडी वाफ असते. हवा गार होत गेली की एका तापमानाला ती वाफ हवेत मावत नाही आणि तिचे पाणी होऊ लागते. मात्र थेंब धरायला काहीतरी आधार लागतो. निरभ्र, शांत रात्री जमिनीवरची उष्णता आकाशाकडे निघून जाते, गवताची पाती भोवतालच्या हवेपेक्षा गार पडतात आणि वाफ त्यांच्यावरच थिजते. ते दव. हवा उंचावर जाऊन गार झाली, तर आधार मिळतो तो धुळीच्या किंवा समुद्री मिठाच्या सूक्ष्म कणांचा. त्यांच्याभोवती जमलेल्या थेंबांचा ढग होतो. हाच ढग जमिनीला टेकला, की त्याला धुके म्हणायचे. डोंगरमाथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला जे धुके वाटते, तेच पायथ्याच्या माणसाला ढग दिसते.

पाणी मिळवण्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. ती दव धरणाऱ्या पृष्ठभागाला पुन्हा तापवते. त्यामुळे उत्तम रात्रीही एका चौरस मीटरवर फार तर अर्धा-पाऊण लिटर दव जमते. धुक्यात वाफेचे पाणी आधीच झालेले असते, ते फक्त गोळा करायचे उरते. अडचण एवढीच, की हे थेंब केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक असतात. ते खाली पडत नाहीत, वाऱ्याबरोबर वाहत राहतात.

जाळी कामाला येते ती इथे. वाऱ्याच्या वाटेत ताडपत्री उभी केली, तर हवा तिला वळसा घालून जाते आणि थेंबही तिच्याबरोबर निघून जातात. जाळीतून हवा आरपार जाते. धाग्यापाशी हवा वळते, पण थेंब आपल्या वेगामुळे सरळ पुढे येऊन धाग्यावर आपटतो. असे अनेक थेंब एकत्र आले, की जड होऊन खालच्या पन्हाळीत ओघळतात. चिलीत यासाठी रोपवाटिकेवर सावलीसाठी घालतात तसली प्लास्टिकची जाळी दुहेरी करून वापरली. वीज लागत नाही, पंप लागत नाही.

हिशेबही सोपा आहे. एक घनमीटर दाट धुक्यात साधारण 0.2 ग्रॅम पाणी धरले आणि वारा सेकंदाला 5 मीटर वाहत असला, तर एका चौरस मीटर जाळीतून तासाभरात 18,000 घनमीटर हवा, म्हणजे 3.6 लिटर पाणी जाते. त्याचा पाचवा हिस्सा हाती लागला, तरी तासाला सुमारे 700 मिलिलिटर. वारा पडला, तर धुके कितीही दाट असले तरी पन्हाळ कोरडीच राहते.

एल तोफोवर प्रत्येकी 48 चौरस मीटरच्या सुमारे शंभर जाळ्या होत्या. वर्षभराची सरासरी काढली, तर चौरस मीटरला दिवसाला तीन लिटर पाणी मिळे. म्हणजे रोज जवळपास 15,000 लिटर. टँकरच्या काळात माणशी 14 लिटरवर भागवणाऱ्या गावाला ते दुपटीहून अधिक मिळू लागले. परसात भाजीपाला दिसू लागला.

मग बिनसले कुठे? सरासरी ही फसवी गोष्ट आहे. काही दिवशी टाकी भरून वाहे, तर काही आठवडे धुके फिरकतच नसे. पाणी आले म्हणून गाव वाढले, बाहेरच्यांनी सुट्टीची घरे बांधली आणि मागणी जाळ्यांच्या पुढे गेली. वादळी वाऱ्यात जाळ्या फाटत, तारा सैल पडत, पन्हाळी तुंबत. यातली एकही दुरुस्ती अवघड नव्हती, पण डोंगर चढून ती रोज कोण करणार, याचे पक्के उत्तर नव्हते. संशोधकांचा प्रकल्प संपल्यावर जाळ्या कोणाच्या, हेच ठरेना. त्यात धुक्याचे पाणी म्हणजे तात्पुरती सोय, खरे पाणी शहरासारखे सरकारी नळाचे, अशी गावाची धारणा होत गेली. फाटलेली जाळी फाटलेलीच राहिली.

मोरोक्कोतल्या बुतमेझगिदा डोंगरावर हा धडा घेतलेला दिसतो. तिथे जाळीच्या मागे आधाराची जाड चौकट आहे आणि ती रबरी ताणांवर बांधली आहे. जोराचा वारा आला, की ताण रबरावर येतो, जाळी वाचते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथेच काम करणारी स्थानिक संस्था ही व्यवस्था सांभाळते.

पाण्याच्या शुद्धतेबाबतही गाफील राहून चालत नाही. धुक्याचे पाणी मुळात स्वच्छ असते, पण कोरड्या दिवसांत जाळीवर धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा साचते. म्हणून खंडानंतरचे पहिले पाणी सोडून द्यावे लागते, टाकी झाकावी लागते आणि पिण्यापूर्वी क्लोरिन घालावे लागते. शेजारी खाण किंवा कारखाना असेल, तर पाण्याची तपासणी आधी, जाळी नंतर.

सह्याद्रीच्या माथ्यावर असे प्रयोग करावेत, ही कल्पना कोणालाही सुचेल. पण तिथे दाट, वाहते धुके मुख्यतः पावसाळ्यात असते, जेव्हा छपराच्या पन्हाळीखाली ठेवलेला हंडा जाळीपेक्षा आधी भरतो. हिवाळ्यातले सकाळचे धुके दरीत बसते आणि त्याला वारा नसतो. पाण्याची खरी ओढ लागते ती फेब्रुवारी ते मे या महिन्यांत. चिलीच्या किनाऱ्यालगत थंड सागरी प्रवाह वाहतो, म्हणून तिथे पाऊस नसतानाही ढग डोंगराला येऊन भिडतात. सह्याद्रीला अशी सोय नाही.

तरीही एखाद्या डोंगराबद्दल शंका असेल, तर ती फेडण्याची पद्धत ठरलेली आणि स्वस्त आहे. एक चौरस मीटरची जाळी जमिनीपासून दोन मीटर उंचीवर, वाऱ्याला आडवी बांधायची आणि निदान वर्षभर रोजचे पाणी मोजून वहीत लिहायचे. टंचाईच्या महिन्यांतले आकडे शून्याच्या आसपास राहिले, तर तो पैसा छपरावरचे पाणी साठवण्याच्या टाकीत घालावा. आकडे चांगले आले, तरी मोठी जाळी उभारण्याआधी आणखी एक नोंद त्याच वहीत हवी: फाटलेली जाळी शिवायला डोंगर कोण चढणार आणि त्याचा मेहनताना कोण देणार. ती ओळ कोरी असेल, तर जाळी बांधू नये.