शब्दाचा अर्थ आणि शब्दाची बैठक

बारावीत शिकणारी एक मुलगी वडिलांच्या पेढीसाठी परगावच्या ग्राहकाला इंग्रजीत पत्र लिहीत होती. माल लहान खोक्यांत घ्यावा, असे सुचवावयाचे होते. इंग्रजी-मराठी कोशात ‘सजेस्ट’पुढे ‘सुचविणे’ हा अर्थ सापडला आणि तिने वाक्य रचले : ‘वी सजेस्ट यू टु टेक स्मॉल बॉक्सेस.’ अर्थ बरोबर होता, वाक्य मात्र चुकले. ‘तुम्हांला घ्यायला सुचवितो’ ही मराठीची घडण तिने नकळत इंग्रजीत उतरविली होती.

द्विभाषिक कोशाने तिला फसविले नव्हते. त्याने अर्थ दिला, पण तो शब्द वाक्यात कसा बसतो हे सांगितले नाही. ते काम विद्यार्थ्यांसाठी रचलेला इंग्रजी-इंग्रजी कोश करतो. अशा कोशांचे एक प्रवर्तक ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवीत असत. त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला कोश 1942 मध्ये तेथेच प्रथम निघाला. पुढे 1978 च्या लाँगमन कोशात व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांत बांधल्या गेल्या, त्यामुळे व्याख्या समजण्यासाठी दुसरा कोश सहसा उघडावा लागत नाही.

मुलीने असा कोश उघडला. ‘सजेस्ट’चे एकाहून अधिक अर्थ तेथे क्रमांकाने दिले होते. विचार मांडणे हा एक, आणि एखाद्या खुणेवरून काही सूचित होणे हा दुसरा. तिच्या पत्राला पहिला लागू होता. त्याखाली ठळक अक्षरांत घडण होती : ‘सजेस्ट दॅट’ किंवा ‘सजेस्ट डूइंग समथिंग’. खालच्या उदाहरणांत ‘यू टु’ कोठेच नव्हते. मग पत्रात आले : ‘वी सजेस्ट दॅट यू टेक स्मॉल बॉक्सेस.’ उत्सुकतेने तिने ‘अ‍ॅडव्हाइज’ पाहिला; तेथे मात्र ‘यू टु’ चालते. अर्थाने जवळचे शब्द घडणीने वेगळे असू शकतात, हे तिला उदाहरणांतूनच उमगले.

म्हणून व्याख्या वाचून कोश मिटू नये. आधी सर्व अर्थांवरून नजर फिरवून आपल्या वाक्याला जुळणारा निवडावा. मग घडण पाहावी. दोन उदाहरणे वाचून त्याच साच्यात स्वतःचे एक वाक्य लिहावे. व्याख्येतच दोन-तीन शब्द अडत असतील, तर त्याहून सोप्या पातळीचा कोश घ्यावा.

द्विभाषिक कोश मात्र कपाटात टाकू नये. ‘फेनल’ची इंग्रजी व्याख्या वाचून वनस्पती, तिचा सुगंध, तिचे बी एवढे कळेल, पण ‘बडीशेप’ हा एक शब्द दिसताच दुकानातील डबाच डोळ्यांपुढे येतो. वस्तूंच्या नावांना मराठी कोश पुरतो. क्रियापदांना मात्र इंग्रजी उदाहरणाचा आधार हवा. पत्रातील चुका बहुधा तेथेच होतात.