मधलाच भाव खाऊन जातो!

निवडणूक आली की दोन्ही बाजूंचे जाहीरनामे शेजारी-शेजारी ठेवून बघा. वरचं चिन्ह बोटाने झाकलं, तर कुठला कुणाचा हे ओळखणं बऱ्याचदा कठीण जातं. मग ठरलेला डायलॉग येतोच, ‘सगळे एकाच माळेचे मणी!’ पण बॉस, यामागे साटंलोटं असायलाच हवं असं काही नाही. दोन पक्ष एकमेकांचे कट्टर वैरी असले, जिंकण्यासाठी जिवाचं रान करत असले, तरीही ते एकमेकांसारखे दिसायला लागतात. खरं तर जिंकायचं असतं म्हणूनच दिसायला लागतात. या गणिताला ‘मीडियन व्होटर’ म्हणजे मधल्या मतदाराची थिअरी म्हणतात. १९४८ मध्ये डंकन ब्लॅक या स्कॉटिश अर्थतज्ज्ञाने ती कमिट्यांमधल्या मतदानासाठी मांडली आणि १९५७ मध्ये अँथनी डाउन्स या अमेरिकन अभ्यासकाने ती थेट राजकीय पक्षांना लावली.

घाबरू नका, आपण ऑफिसच्या एसीवरच समजून घेऊ. समजा तुमच्या बेमध्ये पाच जण आहेत. निनादला १८ डिग्री हवेत, केतकीला २०, अमेयला २४, स्वप्नालीला २५ आणि गौरवला २७. रिमोट कुणाकडे राहणार यासाठी दोघं इलेक्शनला उभे राहतात. एक म्हणतो, ‘मी २० ठेवीन.’ दुसरी म्हणते, ‘मी २६ ठेवीन.’ ज्याचा आकडा आपल्याला जवळचा त्याला मत, एवढाच नियम. निनाद आणि केतकी २० कडे जातात, उरलेले तिघं २६ कडे. निकाल ३-२.

हरलेला पुढच्या वेळी शहाणा होऊन २३ वर येतो. आता २४ वाल्या अमेयला २६ पेक्षा २३ जवळचे वाटतात, म्हणजे निकाल उलटा. मग ती थेट २४ वर येते आणि पुन्हा जिंकते. शेवटी दोघंही २४ वर येऊन थांबतात, कारण तिथून जो हलेल तो हरेल. २४ हा आकडा अमेयचा, म्हणजे रांगेतल्या बरोब्बर मधल्या माणसाचा.

आता यातली खरी गंमत बघा. २४ ही पाच जणांची सरासरी नाहीये, सरासरी येते २२.८. समजा निनाद उद्या चिडून म्हणाला की मला १६ च हवेत, तर सरासरी आणखी खाली येईल. पण निकाल जागचा हलणार नाही, कारण मधला माणूस अजूनही अमेयच आहे. मतपेटी डोकी मोजते, कोण किती तावातावाने बोलतंय ते मोजत नाही. म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याला वाटतं की आपल्याला कुणी विचारतच नाही, आणि ‘चालेल, काहीही ठेवा’ म्हणणारा अमेय मात्र सगळ्यांचा लाडका!

खऱ्या राजकारणात हे कसं घडतं, ते ब्रिटनमध्ये छान दिसतं. तिथे लढत मुख्यतः दोन पक्षांत होती आणि वादही बराचसा एकाच मुद्द्यावर होता, सरकारने कर आणि खर्च किती करायचा. १९८३ मध्ये लेबर पक्ष पार डावीकडे जाऊन उभा राहिला. उद्योगांचं राष्ट्रीयीकरण, एकतर्फी अण्वस्त्रत्याग, युरोपियन समूहातून बाहेर पडणं, असा जाहीरनामा होता. मतं पडली २७.६ टक्के. १९९२ मध्ये पक्ष मध्याच्या बराच जवळ आला होता. तरीही श्रीमंतांवरचा आयकर ४० वरून ५० टक्के करण्याची योजना त्याने मांडली. सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने त्यावरून ‘करांचा बॉम्ब’ म्हणून पोस्टरबाजी केली आणि लेबर सलग चौथ्यांदा हरला.

मग आले टोनी ब्लेअर आणि गॉर्डन ब्राउन. जानेवारी १९९७ मध्ये ब्राउन यांनी सांगून टाकलं की आम्ही आयकराचा मूळ दर २३ टक्के आणि वरचा दर ४० टक्के, यातला कुठलाच वाढवणार नाही. शिवाय पहिली दोन वर्षं सरकारी खर्चही कॉन्झर्व्हेटिव्हांनी आखलेल्या मर्यादेतच ठेवू. म्हणजे ज्यांना हरवायचं, त्यांचंच बजेट वापरायचं! मे महिन्यात लेबरने ६५९ पैकी ४१८ जागा जिंकल्या. दहा वर्षांनी हेच नाटक उलट्या बाजूने झालं. सप्टेंबर २००७ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्हांचे जॉर्ज ऑस्बोर्न यांनी जाहीर केलं की आम्ही लेबरच्या खर्चाच्या योजना जशाच्या तशा पाळू. २००८ च्या आर्थिक संकटाने खर्चाचं गणितच बदललं, तेव्हा कुठे हे वचन मागे घेतलं गेलं.

पण या थिअरीत एक गृहीतक आहे, सगळे मत द्यायला येतात. निनादला वाटलं, २४ काय आणि २४ काय, मी कशाला उठू, तर? तो घरी बसला की रांग बदलते आणि मधला माणूसही बदलतो. ब्रिटनमध्ये १९९७ ला ७१.४ टक्के मतदान झालं होतं, २००१ मध्ये ते ५९.४ टक्क्यांवर आलं. निकाल आधीच ठरल्यासारखा वाटत होता हे एक कारण, आणि दोन पक्षांतला फरक पुसट झाला होता हे दुसरं. म्हणजे कडेच्या लोकांना फार गृहीत धरलं, तर मध्यावर उभं राहणंही महागात पडू शकतं.

दुसरी अट म्हणजे सगळे मुद्दे एकाच रांगेत बसायला हवेत. आपल्याकडे जात, प्रदेश, शेतमालाचा भाव, उमेदवाराचा चेहरा अशा अनेक रांगा एकमेकींना छेदतात, त्यामुळे पक्ष सगळ्याच बाबतींत सारखे होत नाहीत. एखाद्या मुद्द्यापुरते मात्र नक्की होतात. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून महायुती सरकारने ‘लाडकी बहीण’ योजनेत महिलांना महिना १,५०० रुपये देणं सुरू केलं. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत महाविकास आघाडीने ३,००० चं आश्वासन दिलं, महायुतीने २,१०० चं. जिंकली महायुती. मोठा आकडा हरला, कारण ‘देऊ’ म्हणणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा, हे या थिअरीच्या मापात येत नाही.

पण यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. एवढ्या मोठ्या लढाईत ‘द्यायचे की नाही’ हा प्रश्न शिल्लकच राहिला नव्हता, प्रश्न होता ‘किती’. तो पैसा कुठून आणायचा, त्यासाठी दुसरीकडे काय कापायचं, यावर वेगळं मत असलेल्या मतदाराला बटण दाबायला मोठा पर्यायच नव्हता. तेव्हा पुढच्या वेळी जाहीरनामे वाचाल, तेव्हा दोघांचं कुठे भांडण आहे एवढंच बघू नका. दोघांचं कुठे एकमत झालंय तेही बघा. मधला मतदार कुठे उभा आहे असं त्यांना वाटतं, ते तिथे दिसतं. आणि तुम्ही त्या जागेपासून लांब असाल, तर मतदानाच्या दिवशी घरी बसून ही रांग तुमच्या बाजूला सरकत नाही, उलट आणखी लांब जाते!