लकव्याच्या रुग्णाचं डिस्चार्ज कार्ड मराठीत का हवं? ‘एनबीएम’ या तीन अक्षरांचा अर्थ घरच्यांना कळणं का गरजेचं?

लकवा झालेला रुग्ण घरी येतो, तेव्हा सोबत डिस्चार्ज कार्ड येतं. ते इंग्रजीत असतं आणि पुढच्या डॉक्टरने वाचावं म्हणून लिहिलेलं असतं. पण पुढच्या डॉक्टरची भेट पंधरा दिवसांनी होणार असते. तोवर रुग्णाला सांभाळते ती पत्नी, सून किंवा मुलगा. त्यांच्यासाठी या कार्डात एकही ओळ नसते. म्हणूनच मोठ्या कार्डासोबत एक पान साध्या मराठीत देणं रुग्णालयांना बंधनकारक हवं.

कार्डावर नेमकं काय लिहिलेलं असतं?

समजा, 58 वर्षांच्या एका शेतकऱ्याला लकवा झाला आणि आठवड्याभराने घरी सोडलं. कार्डावर असं असेल: ‘लेफ्ट एमसीए इन्फार्क्ट, राइट हेमिपरेसिस, डिस्फेजिया. एनबीएम. आरटी फीड 200 एमएल, दर 2 तासांनी. ॲस्पिरिन 75, 0-1-0.’

मराठीत याचा अर्थ इतकाच: मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, त्यामुळे उजवा हात-पाय कमजोर झाला. गिळण्याची ताकद गेली आहे. तोंडाने काहीही द्यायचं नाही. नाकातल्या नळीतून दर दोन तासांनी 200 मिली पातळ अन्न द्यायचं. ॲस्पिरिनची एक गोळी दुपारी.

सगळ्यात धोक्याची ओळ कोणती?

‘एनबीएम’, म्हणजे तोंडाने काही नको. घरी भेटायला येणारे म्हणतात, ‘घसा कोरडा पडलाय, दोन घोट पाणी तरी द्या.’ पण गिळणं बिघडलेल्या रुग्णात पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं. पाणी पातळ असल्याने पेजेपेक्षाही लवकर तिकडे वळतं. प्रत्येक वेळी ठसका लागेलच असं नाही. त्यामुळे ‘काल दिलं, काही झालं नाही’ या अनुभवावर विसंबता येत नाही. नंतर ताप येतो, छातीत घरघर सुरू होते आणि न्यूमोनियाने रुग्ण पुन्हा दवाखान्यात पोहोचतो. तोंड कोरडं पडलं तर ओल्या कापडाने पुसावं, घोट देऊ नये. तोंडाने कधी सुरू करायचं, हे गिळण्याची तपासणी करून डॉक्टर सांगतात.

नळीतून अन्न देताना काय पाहायचं?

नळी नाकाशी जिथे येते तिथे खूण असते. दर वेळी आधी ती पाहायची. खूण बाहेर सरकलेली दिसली तर काहीही द्यायचं नाही. नळी घरी आत ढकलायचीही नाही, दवाखान्यात जायचं.

खूण जागेवर असेल तर रुग्णाचं डोकं आणि पाठ उशांनी उंच करून त्याला अर्धवट बसवायचं. अन्न गाळलेलं हवं, नाहीतर नळी तुंबते. पिचकारीचा दट्ट्या जोराने न दाबता ते हळूहळू जाऊ द्यायचं. शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुवायची. नंतर किमान अर्धा तास आडवं करायचं नाही. मध्येच खोकला किंवा दम लागला तर लगेच थांबवायचं. गोळ्या कुटून नळीतून देण्याआधी कोणती कुटायची नाही, हे विचारून घ्यायचं. हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्या कुटल्यावर धोक्याच्या ठरतात.

गोळ्या संपल्या की थांबवायच्या का?

नाही. रक्तदाब मोजला आणि बरोबर आला, तर तो गोळीमुळे आलेला असतो. पाकीट संपलं म्हणून उपचार संपत नाहीत. दुसरी चूक म्हणजे गावातल्या दुसऱ्या रुग्णाच्या गोळ्या देणं. लकवा गुठळीने होतो तसा मेंदूत रक्तस्राव होऊनही होतो. रक्तस्राव झालेल्याला ॲस्पिरिन घातक ठरू शकते. त्यामुळे मराठी पानावर ‘गुठळीचा’ की ‘रक्तस्रावाचा’ हे स्पष्ट लिहिलेलं असावं.

लगेच कधी निघायचं?

तोंड नव्याने वाकडं होणं, बोलणं अडखळणं, दुसरा हात किंवा पाय लुळा पडणं, शुद्ध हरपणं. यापैकी काहीही दिसलं तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. 108 ला फोन करायचा आणि रुग्ण शेवटचा ठीक कधी होता ती वेळ सांगायची. सीटी स्कॅन असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे त्या पानावर आधीच लिहिलेलं हवं.

कागद दिला की काम झालं?

तेवढं पुरत नाही. घरी सांभाळणाऱ्या व्यक्तीला वाचता येत नसेल, तर मराठी कागदही इंग्रजीइतकाच मुका असतो. सुट्टी देण्याआधी त्या व्यक्तीने वॉर्डात सिस्टरसमोर एकदा स्वतः नळीतून अन्न द्यावं आणि तोंडाने काय द्यायचं नाही ते स्वतःच्या शब्दांत सांगावं. ते जमलं, तरच डिस्चार्ज कार्डावर सही व्हावी.