सही हवी, हक्क कशाला?

प्रिय मुला,

परवा तुझं विमान. ब्रिटनला चाललास, मन लावून शीक. पण गेले दोन महिने या घरात कागदांवरून जे चाललं, त्याबद्दल बोलल्याशिवाय मी तुला निरोप देणार नाही. पत्र अंकात छापायला देते आहे, कारण हे काही आपल्याच घरातलं नाही.

तुझे बाबा मृत्युपत्र न करता गेले. घर त्यांच्या कमाईचं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्याचे तीन सारखे हिस्से झाले: माझा, तुझा आणि ताईचा. तुझ्या तीस लाखांच्या कर्जासाठी बँकेला हे घर तारण हवं होतं. काका म्हणाले, "तीन नावांची कटकट कशाला? ताईकडून हक्कसोडपत्र करून घ्या. ती समजूतदार आहे." तू गप्प बसलास. समजूतदार म्हणजे हक्क सोडणारी, हा अर्थ आपल्याकडे फक्त मुलींनाच लागू होतो! माझ्या माहेरीही माझी अशीच सही घेतली होती, वर एक साडी देऊन.

मी बँकेत जाऊन विचारलं. त्यांना तिन्ही मालकांच्या सह्या हव्या होत्या, ताईने मालकी सोडायला नको होती. फरक नीट समजून घे. घर गहाण ठेवलं तर कर्ज फिटल्यावर कागद परत येतात आणि ताईचा हिस्सा ताईचाच राहतो. हक्कसोडपत्राची एकदा नोंदणी झाली की हिस्सा गेला. तुझं कर्ज फिटलं तरी तो परत येत नाही. मग फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करायला तिने कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, तेही सख्ख्या भावाविरुद्ध.

ताईने गहाणखतावर सही केली. तिने काय पणाला लावलंय ते आता ऐक. तुझा अभ्यासक्रम एक वर्षाचा, पुढे एक वर्ष सवलतीचं. दहा टक्के साध्या व्याजाने दोन वर्षांत सहा लाख चढतील, म्हणजे हप्ते छत्तीस लाखांवर सुरू होतील. तिथे नोकरी मिळाली नाही आणि तीन महिने हप्ता थकला, की खातं बुडीत धरलं जातं. मग २००२ च्या कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर बँक घराचा ताबा घेऊ शकते. सबंध घराचा, तुझ्या एकट्याच्या हिश्श्याचा नव्हे.

ताईला पुण्याला एम.एस्सी. करायची होती, तेव्हा हेच घर तारण ठेवायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

म्हणून दर तीन महिन्यांनी कर्जखात्याचा उतारा ताईला पाठव. मला नव्हे, तिला. हप्ता चुकणार असं वाटलं तर नोटीस येण्याआधी तिला कळव. कर्ज फिटलं की घराचे मूळ कागद सोडवून आणायला दोघं बरोबर जा. काकांनी आणलेला हक्कसोडपत्राचा मसुदा मी फाडून टाकला आहे.

तुझी,
आई