नागीण : पहिल्या बहात्तर तासांचे मोल

मराठवाड्यात या आजाराला ‘नागीण’ म्हणतात, आणि या नावातच त्याचे भय दडलेले आहे. कमरेभोवती फोडांचा पट्टा उमटतो, तो सापासारखा पुढे सरकत आहे असे वाटते, आणि ‘नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस वाचत नाही’ ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यामुळे घरात नागीण निघाली की आधी ती ‘उतरवणाऱ्या’चा शोध सुरू होतो. कोणी गेरूचा लेप सांगतो, कोणी पाल्याचा रस, कोणी मंत्र. आठवड्या-दोन आठवड्यांत फोड आपोआप वाळतात आणि श्रेय लेपाला मिळते. परंतु या उपचारांत जे तीन दिवस निघून जातात, तेच खरे उपचाराचे दिवस असतात.

नागीण बाहेरून येत नाही. बालपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये अनेक दशके निद्रिस्त राहतो. वय पन्नास-साठीपलीकडे गेले, मधुमेह जडला, स्टिरॉइडची औषधे चालू असली किंवा कर्करोगाचे उपचार सुरू असले, की प्रतिकारशक्तीचा पहारा सैल होतो आणि त्यांतल्या एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो. तो त्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. कण्यातून मज्जातंतू उजवी-डावी अशा जोडीने निघतात आणि प्रत्येक तंतू आपल्याच बाजूच्या एका पट्ट्याला संवेदना पुरवतो. म्हणून पुरळ शरीराच्या एकाच बाजूला येते आणि छातीच्या किंवा पाठीच्या मध्यरेषेशी थांबते. तोंड शेपटीला मिळण्याची भीती निराधार आहे, ती यामुळेच. पुरळ अंगभर पसरू लागलेच, तर ते प्रतिकारशक्ती फार खालावल्याचे चिन्ह असते आणि अशा रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते.

हा आजार ओळखण्यातली खरी अडचण अशी की वेदना आधी येते आणि पुरळ नंतर. चाकूरसारख्या तालुक्याच्या गावातील एका घराचे उदाहरण कल्पून पाहू. किराणा दुकान सांभाळणारे बहात्तर वर्षांचे आजोबा. सोमवारी त्यांच्या उजव्या बरगडीखाली आग होऊ लागते, सदराही टोचतो. घरच्यांना पित्त वाटते, म्हणून पित्ताची गोळी दिली जाते. मंगळवारी हृदयविकाराची शंका येऊन ईसीजी काढला जातो आणि तो निर्दोष निघतो. अशी शंका घेणे योग्यच आहे. पुरळ दिसण्यापूर्वी नागीण कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. गुरुवारी सकाळी स्नानाच्या वेळी बरगडीवर लाल चट्टे दिसतात. सायंकाळपर्यंत त्यांवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे झुबके येतात, आणि ते सारे उजव्याच बाजूला असतात.

येथून घड्याळ सुरू होते. बहात्तर तास मोजायचे ते वेदनेपासून नव्हे, पुरळ दिसल्यापासून. म्हणजे आजोबांची मुदत रविवारी सकाळपर्यंत आहे. ‘सोमवारी दाखवू’ असे ठरले, तर ती निसटते. शुक्रवारीच डॉक्टरांकडे गेल्यास निदानासाठी बहुधा कोणत्याही तपासणीची गरज पडत नाही. एका बाजूचा पट्टा, त्याआधीची आग आणि फोडांचे झुबके एवढे पुरेसे असते.

औषध तोंडाने घ्यायचे असते. ॲसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून ५ वेळा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा, दोन्ही साधारणपणे ७ दिवस. याच औषधाचे मलम फोडांवर लावून नागिणीला उपयोग होत नाही, तरीही अनेक घरांत केवळ मलमावर भागवले जाते. ही औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. म्हणून वृद्धांत क्रिएटिनिनची तपासणी पाहून मात्रा ठरवावी लागते आणि पाणी भरपूर प्यावे लागते. रात्रिभोजनत्यागाचा नियम असलेल्या किंवा उपवास चालू असलेल्या ज्येष्ठांनी ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी. पाच वेळांच्या गोळ्या सूर्यास्तापूर्वी कशाबशा उरकणे किंवा रात्रीची मात्रा परस्पर वगळणे दोन्ही अयोग्य. तीन वेळांचे औषध, त्याच्या वेळा आणि पाणी यांचा मेळ कसा घालायचा, हे आधीच ठरवता येते.

बहात्तर तास उलटले म्हणून दार पूर्ण बंद होत नाही. नवे फोड अजून येत असतील, तर नंतरही औषध दिले जाते. डोळ्याच्या बाबतीत तर दिवस मोजत बसूच नये. कपाळावर किंवा पापणीवर नागीण निघाली, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, तर डोळ्याला धोका आहे असे समजून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. कानावर फोड येऊन चेहरा वाकडा झाला, तरीही तशीच घाई करावी. चाकूरहून लातूर फार दूर नाही, आणि तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

घरातील इतरांना नागिणीच्या रुग्णापासून नागीण होत नाही. मात्र ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत, त्यांना फोडांतील पाण्याच्या स्पर्शाने कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड स्वच्छ कापडाने झाकावेत आणि गर्भवती सून व तान्हे बाळ यांना जपावे.

खपल्या पडल्या तरी काहींची वेदना जात नाही. विषाणूने मज्जातंतूलाच इजा केलेली असते आणि तो तंतू कारण नसताना वेदनेचा निरोप पाठवत राहतो. पंख्याचा वारा लागला किंवा धोतराची कड घासली, तरी आग होते. पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांनंतरही टिकलेल्या अशा वेदनेला नागिणीपश्चात मज्जातंतूची वेदना म्हणतात. वय जितके अधिक, तितका तिचा धोका अधिक. लवकर घेतलेल्या औषधाने फोड लवकर वाळतात आणि सुरुवातीची तीव्र वेदना कमी होते, पण ही मागाहूनची वेदना टळेलच अशी हमी ते देत नाही. म्हणून औषध वेळेवर घेऊनही दुखत राहिले, तर रुग्णाला दोष देऊ नये आणि ‘आता काय, फोड तर गेले’ असेही म्हणू नये.

या वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन ही मज्जातंतूंवर काम करणारी औषधे लहान मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. झोप, गरगरणे आणि तोल जाणे हे त्यांचे त्रास आहेत. म्हणून रात्री उठताना आजोबांना आधार द्यावा. प्रोस्टेटचा त्रास असल्यास ॲमिट्रिप्टिलिनने लघवी अडू शकते, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी औषध सोडू नये, तेच औषध गोळीच्या रूपात मागावे.

पन्नाशीनंतर घेण्याची नागिणीची लस २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे. तिचे दोन डोस २ ते ६ महिन्यांच्या अंतराने घेतात. ती महाग आहे. परंतु नागीण होण्यापासून आणि त्यामुळे मागे राहणाऱ्या वेदनेपासूनही ती चांगले संरक्षण देते. एकदा नागीण झालेल्यांनाही ती घेता येते, मात्र आधीचे फोड पूर्ण बरे झाल्यानंतर. मधुमेह असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी पुढच्या तपासणीच्या वेळी तिच्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.