शिल्लक रजेचा हिशेब

कलबुर्गी जिल्ह्याच्या सीमेवरील करजगीसारख्या गावातून गोव्यात येणारा कामगार नोकरी सोडून परतताना शेवटचा पगार घेतो आणि गाडी धरतो. शिल्लक अर्जित रजेचा मोबदला मागायचा असतो, हे अनेकदा त्याच्या गावीही नसते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्यामुळे या हिशेबाचे नियम बदलले आहेत.

कारखाने अधिनियम 1948 नुसार वर्षात 240 दिवस काम केलेल्यालाच भरपगारी रजा मिळत असे. संहितेने ही अट 180 दिवसांवर आणली. प्रमाण मात्र तेच राहिले: दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस. साहजिकच पेरणी-काढणीसाठी गावी जाणाऱ्या, वर्षाला 200 दिवस भरणाऱ्या कामगाराला पूर्वी शून्य रजा होती, आता दहा दिवस आहेत.

न घेतलेली रजा पुढील वर्षात 30 दिवसांपर्यंतच नेता येते. जुन्या कायद्यात त्यावरील रजा सहसा बुडत असे. आता जादा दिवसांचे पैसे घेण्याचा हक्क कामगाराला आहे. शिवाय रजेसाठी अर्ज करूनही ती नाकारली गेली असेल, तर त्या दिवसांना 30 ची मर्यादा लागू होत नाही. ही सवलत पूर्वीही होती. परंतु रजा तोंडी मागितली आणि तोंडी नाकारली गेली, की पुरावा उरत नाही. म्हणून अर्जाची पोच घेतलेली प्रत जपून ठेवणे निर्णायक ठरते.

समजा, वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कामगाराच्या खात्यावर वर्षारंभी 24 दिवस होते. वर्षात 200 दिवस काम करून त्याने आणखी दहा कमावले. एकूण 34 झाले. वरच्या चार दिवसांचे पैसे त्याने वर्षअखेरीस घेतले व 30 पुढे नेले. पुढील वर्षी 100 दिवस भरल्यावर त्याने नोकरी सोडली. येथे 180 दिवसांची अट आड येत नाही. त्या 100 दिवसांचे पाच दिवस मिळतातच. रोजची मजुरी 600 रुपये धरल्यास 35 दिवसांचे 21,000 रुपये होतात.

राजीनामा, कामावरून कमी करणे किंवा बडतर्फी, कारण कोणतेही असो, ही रक्कम दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी द्यावी लागते. निवृत्ती किंवा मृत्यू झाल्यास मुदत दोन महिन्यांची आहे. मृत्यूनंतर हक्क वारस वा नामनिर्देशित व्यक्तीकडे जातो.

या तरतुदीलाही मर्यादा आहेत. दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना सर्वसाधारणपणे संहितेबाहेर राहतात, तसेच दरमहा 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक ‘कामगार’ ठरत नाहीत. इतरांनी मात्र अखेरच्या हिशेबावर सही करण्यापूर्वी त्यात शिल्लक रजेची वेगळी ओळ आहे का, हे पाहावे. ती नसेल, तर रजेचे पैसे बहुधा धरलेलेच नाहीत.