साठ दिवस मोजायचे कुठून?



आपल्या नागपुरातल्या किती घरांतली मुलं आज पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आहेत, हे मी सांगायला नको. दिवाळीला ती येतात आणि भाऊबीज झाली की परतीच्या तिकिटाची घालमेल सुरू होते. मागच्या वर्षी एक पालक मला म्हणाले, "सर, मी तर बरोबर साठ दिवस मोजले होते न, तरी वेटिंगच लागलं." त्यांनी कसं मोजलं ते मी कागदावर करून पाहिलं. बेरीज-वजाबाकी अगदी बरोबर होती. चुकलं होतं ते कोणता दिवस धरायचा आणि कोणता सोडायचा, हे. आणि ते आपण वर्गात नीट शिकवतच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी नियम पाहू. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्याआधी ते १२० दिवस होतं. इतक्या आधी काढलेल्या तिकिटांपैकी बरीच नंतर रद्द होतात, असं कारण रेल्वेने दिलं होतं. हे साठ दिवस प्रवासाचा दिवस वगळून मोजायचे. उघडण्याची वेळ सकाळी ८ ची. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं.

आता आपली मोजायची सवय बघा. 'आठ दिवसांनी ये' म्हटलं की सोमवारी सांगितलेला माणूस पुढच्या सोमवारीच येतो. म्हणजे खरं तर सातच दिवस झाले, पण आपण आजचा दिवसही मोजला. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे चौदा. बाराव्या दिवशी बारसं करतो तेव्हाही जन्माचा दिवस पहिला धरतो. दोन्ही टोकं धरून मोजणं आपल्या भाषेतच मुरलेलं आहे, 'आठवडा' या शब्दातसुद्धा आठच आहेत! रेल्वे मात्र एक टोक सोडते. त्यामुळे घरच्या सवयीने मोजणारा माणूस नेमका एक दिवस उशिरा पोचतो.

उदाहरण घेऊ. २०२५ साली भाऊबीज २३ ऑक्टोबरला, गुरुवारी होती. समजा मुलीला शनिवारी, २५ ऑक्टोबरला नागपूरहून पुण्याला जायचं होतं. नागपूरहूनच सुटणाऱ्या गाडीसाठी मोजायला २५ तारीख सोडून द्यायची आणि २४ ला 'एक' म्हणायचं. २५ दिवस मागे गेलं की ३० सप्टेंबर येतो. आणखी ३० दिवस मागे गेलं की ३१ ऑगस्ट, हे झाले ५५. अजून पाच मागे, म्हणजे २६ ऑगस्ट. बरोबर हरतालिकेचा दिवस. ज्यांनी २५ ऑक्टोबरलाच 'एक' म्हटलं, त्यांचा साठावा दिवस २७ ऑगस्टला आला, गणेश चतुर्थीला. तोवर खिडकी उघडून चोवीस तास झाले होते, आणि सणाच्या गर्दीत चोवीस तास म्हणजे फार झाले.

पण नागपूरकरांची खरी गंमत पुढेच आहे. आपलं शहर देशाच्या मध्यावर, त्यामुळे इथून जाणाऱ्या कितीतरी गाड्या इथे सुरू होत नाहीत, नुसत्या थांबून पुढे जातात. पुण्याला जाणारी आझाद हिंद एक्सप्रेस घ्या. ती हावड्याहून रात्री सुटते, दुसऱ्या दिवशी नागपूरला येते आणि तिसऱ्या दिवशी पुण्याला पोचते. २५ ऑक्टोबरला जी आझाद हिंद आपल्या फलाटावर येणार, ती रेल्वेच्या हिशोबात २४ ऑक्टोबरची गाडी आहे. रेल्वे साठ दिवस मोजते ते गाडी पहिल्या स्थानकावरून निघते त्या तारखेपासून, आपण चढतो त्या तारखेपासून नाही. म्हणून या गाडीचं नागपूर-पुणे तिकीट २६ ला नाही, २५ ऑगस्टलाच उघडलं.

म्हणजे दोन्ही चुका एकाच दिशेने जातात. टोक धरून मोजलं आणि हावड्याची तारीखही विसरलो, तर आपण थेट दोन दिवस उशिरा. त्या पालकांचं हेच झालं होतं.

हा नियम अन्यायाचा वाटतो का? मला आधी वाटायचा. पण उलट करून बघा. प्रत्येक स्थानकासाठी तिथल्या तारखेने खिडकी उघडली असती, तर हावड्याच्या प्रवाशाला त्याच गाडीत आपल्यापेक्षा एक दिवस आधी तिकीट काढता आलं असतं, तेही थेट पुण्यापर्यंतचं. आपल्या वाट्याला उरलंसुरलं आलं असतं. सगळ्या स्थानकांसाठी गाडी एकदमच उघडते, हे मधल्या गावांच्या फायद्याचंच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. तिकीट काढताना तारीख आपण आपल्या स्थानकाची टाकायची आणि दिवस मात्र दुसऱ्याच्या स्थानकापासून मोजायचे, हे माणसाला आपणहून सुचणार कसं? प्रत्येक गाडीच्या नावापुढे 'या प्रवासाचं आरक्षण अमुक तारखेला उघडेल' एवढी एक ओळ छापली, तर हा गोंधळच संपेल. संगणकाला ती तारीख माहीतच असते.

ती ओळ येईपर्यंत काय करायचं? वेळापत्रकात स्थानकासमोर 'दिवस' असा रकाना असतो, त्यात १, २ किंवा ३ लिहिलेलं असतं. आपल्या स्थानकासमोर १ असेल तर सरळ ६० दिवस मागे जा. २ असेल तर ६१, ३ असेल तर ६२. गोंदियाहून सकाळी सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरला त्याच दिवशी येते, तिथे १ आहे. म्हणजे एकाच शनिवारी, एकाच शहरातून पुण्याला जाणाऱ्या दोन गाड्यांची आरक्षणं वेगवेगळ्या दिवशी उघडतात.

'दोन महिने आधी' असा ढोबळ हिशोब मात्र करू नका. २५ ऑगस्ट ते २५ ऑक्टोबर ६१ दिवस होतात, त्यामुळे आझाद हिंदसाठी तो योगायोगाने जमला असता. पण २५ एप्रिलचा प्रवास असेल आणि तुम्ही २५ फेब्रुवारीला बसलात, तर लीप वर्ष नसताना मध्ये ५९ च दिवस असतात. नागपूरहून सुटणाऱ्या गाडीलाही एक दिवस उशीर झाला.

तत्काळचंही गणित असंच आहे, आणि तिथे फटका जास्त बसतो, कारण हाताशी एकच दिवस असतो. तत्काळ उघडतं ते गाडी पहिल्या स्थानकावरून सुटण्याच्या आदल्या दिवशी. वातानुकूलित डब्यांचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. आपल्या उदाहरणात आझाद हिंद २४ ला हावड्याहून निघणार, म्हणजे तत्काळ २३ ला, ऐन भाऊबीजेच्या सकाळी. 'प्रवासाच्या आदल्या दिवशी' म्हणून जो २४ ला सकाळी दहाला फोन घेऊन बसला, त्याला रांगेत कोणी दिसलंच नसेल, रांग कालच संपली होती.

वर्गात आपण 'दोन तारखांमधील दिवस काढा' असं उदाहरण देतो आणि उत्तराच्या शेवटी एक मिळवायचा की नाही, हे पुस्तकाच्या मागे बघून ठरवतो. मुलं विचारतात, "सर, पहिला दिवस धरायचा का?" आणि आपण म्हणतो, "या उदाहरणात धरा." का धरायचा, ते सांगतच नाही. यंदा मी सातवीच्या वर्गाला पुस्तकातलं उदाहरण देणार नाही. भिंतीवर कालनिर्णय लावीन, शेजारी आझाद हिंदचं आणि महाराष्ट्र एक्सप्रेसचं वेळापत्रक लावीन. प्रत्येकाने आपल्या ताई-दादाच्या परतीची तारीख घरून विचारून आणायची आणि दोन्ही गाड्यांची उघडण्याची तारीख काढायची. दोन उत्तरांत एक दिवसाचा फरक आला नाही, तर वही परत.